रजेचा अर्ज

‘रजा’ हा शब्द आपण सुटी या अर्थाने वापरतो. परंतु मूळ अरबीत त्याचा अर्थ संमती, प्रसन्नता असा आहे. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे शब्द त्याच घराण्यातले. म्हणजे रजा मागणारा मनुष्य वस्तुतः दिवस मागत नसतो, तर दुसऱ्याची राजीखुशी मागत असतो. आणि ती योग्य वेळी मिळाली नाही, तर याच घराण्यातला तिसरा शब्द केव्हा पुढे येऊन उभा राहील याचा नेम नसतो. ही व्युत्पत्ती मला नोकरीच्या अखेरच्या वर्षांत कळली. त्यापूर्वी कित्येक वर्षे मी रजेच्या अर्जांवर सह्या करीत होतो, आणि नकारही देत होतो.

लोणी देवकर हे इंदापूर तालुक्यातले गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. उजनीच्या फुगवट्याचे पाणी जवळ, सभोवती ऊस, आणि माळावर औद्योगिक वसाहत. त्या वसाहतीतील एका कारखान्याच्या हिशेबखात्याचा मी प्रमुख होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही; कारण पुढे जी चूक सांगावयाची आहे ती कारखान्याची नसून माझी आहे.

आमच्या खात्यात पळसदेवच्या बाजूची एक मुलगी साहाय्यक म्हणून काम करीत असे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती नोकरीस लागली होती आणि नोकरी सांभाळून कॉस्ट अकाउंटंटच्या परीक्षांची तयारी करीत होती. ही परीक्षा घेणारी संस्था १९४४ साली निघाली आणि १९५९ च्या कायद्याने तिला अधिकृत स्थान मिळाले. तिच्या इंटरमीडिएट आणि फायनल परीक्षा वर्षातून दोनदा, जून व डिसेंबर महिन्यांत होतात. इंटरमीडिएटचे आठ विषय चार-चारांच्या दोन गटांत विभागलेले असतात. विद्यार्थ्याला एका वेळी एकच गट घेण्याची मुभा असते, आणि नोकरी करणारे बहुतेक तसेच करतात.

२०२४ च्या जूनमधली गोष्ट. परीक्षेला चार दिवस उरले असताना ती माझ्या टेबलापाशी आली आणि तिने एक चिठोरे पुढे केले. ‘परीक्षा असल्याने रजा मिळावी, ही विनंती,’ एवढाच मजकूर त्यावर होता. सोबत प्रवेशपत्राची प्रत होती. मी विचारले, “किती दिवस?” ती म्हणाली, “सर, पेपर चार आहेत, पण एक दिवसाआड आहेत.” मी प्रवेशपत्र पाहिले, भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली, आणि मोठ्या उदारपणाने निर्णय दिला, “मग पेपरचे चार दिवस किरकोळ रजा घ्या आणि मधले दिवस कामावर या. म्हणजे तुमचेही होईल आणि आमचेही अडणार नाही.” ती किंचित थांबली, “बरं सर” म्हणाली आणि गेली. आपण कोणाचे काही काढून घेतले, असे मला त्या क्षणी मुळीच वाटले नाही. उलट एक अडचण सोडविल्याचे समाधान वाटले.

परीक्षेचे केंद्र पुण्यात होते. लोणीहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर तीन तासांचा प्रवास. माझ्या त्या व्यवस्थेमुळे तिला चार वेळा जावे आणि चार वेळा यावे लागले. एकंदर हजार किलोमीटर. ती पुण्यात मावशीकडे राहिली असती तर अडीचशेत भागले असते. हा हिशेब अगदी सोपा आहे. परंतु हिशेबखात्याच्या प्रमुखाला तो करावासा वाटला नाही. तीन पेपर तिने असे दिले. चौथ्या दिवशी वाटेत गाडी बंद पडली आणि ती केंद्रावर पोचली तेव्हा प्रवेशाची वेळ टळून गेली होती. तो पेपर परिव्यय लेखांकनाचा होता. म्हणजे ज्या विद्येसाठी हा सारा खटाटोप, नेमका तोच.

एक पेपर हुकला म्हणजे चतुर्थांश नुकसान झाले, असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटले होते. परंतु या परीक्षेत गट उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात शंभरांपैकी निदान चाळीस गुण आणि चारही विषयांच्या बेरजेत निम्मे गुण मिळावे लागतात. एका विषयात गैरहजेरी लागली की त्या सत्रात तो गट हातचा गेला, मग उरलेल्या तिन्हींत कितीही गुण मिळोत. याचा सरळ अर्थ असा, की चार दिवसांपैकी तीन दिवसांची रजा आणि मुळीच न दिलेली रजा यांत परीक्षेच्या दृष्टीने फारसे अंतर नसते. रजा देणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि मागणाऱ्याला ते सांगावयाचे सुचत नाही. अपुरी रजा ही औदार्याच्या वेषात आलेला नकारच असते.

ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. तिने तक्रार केली नाही. खात्यातील दुसऱ्या एका गृहस्थांकडून मला सारा प्रकार समजला. मी तिला बोलावले आणि डिसेंबरच्या सत्राला बसणार असाल तर आपण दोघे मिळून नीट विचार करू, असे म्हटले. तेव्हा ती पहिल्यांदाच स्पष्ट बोलली. “सर, मी आधी विचारलं नाही, कारण आधी विचारलं तर आधीच नकार मिळेल असं वाटलं. आणि प्रवेशपत्र हातात आल्याशिवाय विचारायचं तरी कशाच्या जोरावर?”

तिच्या या प्रश्नात रजेच्या अर्जाची खरी गोम आहे. परीक्षेच्या तारखा फार आधी कळतात, पण आपल्या नावाचा पुरावा फार उशिरा मिळतो. संस्था वेळापत्रक काही महिने आधी जाहीर करते. फॉर्म भरून शुल्क दिल्याची पावती परीक्षेपूर्वी दीड-दोन महिने हातात असते. प्रवेशपत्र मात्र परीक्षा अगदी तोंडावर आल्यावर निघते. जो प्रवेशपत्राची वाट पाहत बसतो त्याचा अर्ज सबळ असतो, पण तो अशा वेळी पोचतो की साहेबाच्या हातात त्याच्यासाठी काही करण्याजोगे उरलेले नसते. म्हणून पुरावा एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, हा त्यावरचा उपाय. आरंभी वेळापत्रक आणि पावती, नंतर प्रवेशपत्र, आणि परीक्षा झाल्यावर उपस्थितीचा दाखला. प्रत्येक कागद हाती आला त्याच दिवशी पुढे करावा.

कायद्याची बाजूही आम्ही पाहिली. खासगी कारखान्याने परीक्षेसाठी म्हणून वेगळी रजा दिलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. ज्या आस्थापनेच्या नियमांत तशी रजा असेल तेथे ती मागावी. नसेल तेथे आपल्या साठलेल्या रजेतूनच दिवस काढावे लागतात. त्या वर्षी १९४८ चा कारखाना अधिनियम अमलात होता. आदल्या वर्षी २४० दिवस काम केलेल्या कामगाराला वीस दिवसांमागे एक दिवस या प्रमाणात भरपगारी रजा त्याने ठेवली होती, आणि ती मागण्याचा लेखी अर्ज साधारणतः १५ दिवस आधी द्यावा असे सांगितले होते. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली आहे, तिच्यात २४० च्या जागी १८० दिवस आले, वीस दिवसांमागे एक हे प्रमाण तेच राहिले.) हिशेबखात्यातील माणूस या कायद्याच्या अर्थाने कामगार ठरतो की नाही, यावर वकिलांना पुष्कळ बोलता येईल. आमच्या कारखान्यात रजेचा नियम सर्वांना एकच लावीत असत, म्हणून आम्हांला त्या वादात शिरण्याचे कारण पडले नाही. तिने आदल्या वर्षी २८० दिवस भरले होते. म्हणजे १४ दिवसांची रजा तिच्या नावावर जमा होती आणि जूनचे चार दिवस किरकोळ रजेत गेल्यामुळे तिला हात लागलेला नव्हता.

आता तारखा. डिसेंबर २०२४ चे सत्र १० तारखेपासून १७ तारखेपर्यंत होते. पहिल्या गटाचे पेपर १०, १२, १४ आणि १६ या दिवशी, आणि दुसऱ्या गटाचे मधल्या दिवशी. तिचा गट पहिला. म्हणजे मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि सोमवार. ‘परीक्षा १० ते १७ आहे’ असे अर्जात लिहिले असते तर ते खोटे नव्हते, परंतु ते तिच्यापुरते खरेही नव्हते. संस्थेचे वेळापत्रक एक असते आणि उमेदवाराचे वेळापत्रक दुसरे. अर्जात दुसरे लिहावयाचे असते. साहेबाने पुढे प्रवेशपत्र पाहिले आणि त्यावर १७ तारीख दिसली नाही, तर अर्जातल्या इतर मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडतो.

रजा मात्र पेपरच्या चार दिवसांची नव्हे, तर ९ तारखेच्या सोमवारपासून १६ तारखेच्या सोमवारपर्यंत सलग मागावयाची, असे ठरले. ९ तारीख प्रवासाची आणि केंद्र पाहून ठेवण्याची. एकंदर दिवस आठ. त्यांत १५ तारखेचा रविवार. भरपगारी रजेच्या मुदतीत येणारी सुटी रजेत धरावयाची नाही, असे त्या अधिनियमात होते. म्हणून रजा सातच दिवस. हे ‘आठ की सात’ अर्जदाराने स्वतः लिहावे. ते न लिहिल्यास पगाराच्या वेळी ते दुसरा कोणी ठरवितो, आणि तो कोणत्या बाजूने ठरवील हे सांगता येत नाही.

एवढे झाल्यावर मी तिला माझी, म्हणजे रजा देणाराची अडचण सांगितली. जूनमध्ये मी मधले दिवस का मागितले होते? केवळ हट्टाने नव्हे. दर महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचे जीएसटी विवरणपत्र भरावयाचे असते, १५ तारखेला भविष्यनिर्वाह निधीचा भरणा असतो, २० तारखेला जीएसटीचे दुसरे विवरणपत्र. शिवाय १५ जून आणि १५ डिसेंबर हे आगाऊ प्राप्तिकराच्या हप्त्यांचेही दिवस. कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात येते. हिशेबखात्यातल्या माणसांची परीक्षा हिशेबखाते सर्वांत अडलेले असताना घ्यावी, यात संस्थेचा काही हेतू असेल असे मला वाटत नाही. परंतु परिणाम तोच होतो. म्हणून साहेबाच्या मनातला पहिला प्रश्न ‘परीक्षा खरी आहे काय?’ हा नसतोच. ‘अकरा तारखेचे काय?’ हा असतो. ज्या अर्जात त्याचे उत्तर नसते, तो प्रवेशपत्राची प्रत जोडूनही अपुराच राहतो.

हे सारे लक्षात घेऊन तिने जो अर्ज लिहिला तो माझ्या स्मरणात आहे. तारीख २१ ऑक्टोबर २०२४, दिवाळीच्या आधीचा सोमवार. मजकूर साधारणतः असा होता:

‘विषय: व्यावसायिक परीक्षेसाठी दिनांक ९ ते १६ डिसेंबर २०२४ भरपगारी रजा, कामाचे दिवस ७.

महोदय, मी कॉस्ट अकाउंटंट इंटरमीडिएट परीक्षेच्या पहिल्या गटास डिसेंबर सत्रात बसत आहे. माझे चार पेपर १०, १२, १४ व १६ डिसेंबर रोजी पुणे येथे आहेत. चारही पेपरना हजर राहिल्याशिवाय गट पूर्ण होत नाही. मधल्या दिवसांत लोणी येथे ये-जा करणे शक्य नसल्याने सलग रजा मागत आहे. १५ तारखेस रविवार आहे. माझ्या खात्यावर १४ दिवस रजा शिल्लक आहे.

नोव्हेंबरच्या विक्रीची माहिती मी शनिवार, ७ डिसेंबरपर्यंत तपासून तयार ठेवीन. ११ तारखेस विवरणपत्र दाखल करण्याचे सहकाऱ्यांनी मान्य केले असून त्यांची सही खाली आहे. भविष्यनिर्वाह निधीचा तक्ता आणि आगाऊ कराच्या हप्त्याचे टिपण मी जाण्यापूर्वी आपणांस देईन. मंगळवार, १७ डिसेंबरला मी कामावर हजर होईन व २० तारखेचे विवरणपत्र पूर्ण करीन.

सोबत: संस्थेचे वेळापत्रक, आणि फॉर्म व शुल्क भरल्याची पावती. प्रवेशपत्र मिळताच त्याच दिवशी सादर करीन. परीक्षेच्या तारखांत बदल झाल्यास तत्काळ कळवीन. मंजुरी लेखी मिळावी, ही विनंती.’

या अर्जात अलंकार एकही नाही. ‘माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे’, ‘आपण मायबाप आहात’ असली वाक्ये नाहीत; आणि जूनमधल्या प्रसंगाचा उल्लेखही नाही. तो असता तर मला मंजुरी देणे अधिक सोपे झाले असते की अधिक कठीण, हे मी अजून ठरवू शकलो नाही. पण अर्जातील दोन वाक्यांकडे वाचकांनी अवश्य पाहावे. पहिले सहकाऱ्याच्या सहीचे. ‘माझे काम कोणीतरी पाहील’ असे शेकडो अर्जांत असते. त्या ‘कोणीतरी’ची सही क्वचितच असते. दुसरे वाक्य तारखा बदलल्यास कळविण्याचे. परीक्षा पुढे गेली आणि रजा मात्र जुन्याच तारखांना लागली, असे होऊ शकते, आणि मग खऱ्या तारखांना पुन्हा पहिल्यापासून राजीखुशी मागावी लागते.

मी त्याच दिवशी अर्जावर ‘मंजूर’ असे लिहून सही केली आणि एक प्रत तिला परत दिली. लेखी मंजुरीचा आग्रह मला पूर्वी अविश्वासाचा वाटे. पण माणसे बदलतात, बदली होतात, विसरतात. ऑक्टोबरात दिलेला तोंडी होकार डिसेंबरात आठवेलच अशी हमी मी माझ्या स्वतःबद्दलही देणार नाही. तेथे कागद असला म्हणजे कोणाच्या स्मृतीची परीक्षा घ्यावी लागत नाही.

प्रवेशपत्र आले त्या सायंकाळी तिने ते आणून दाखविले. तारखा आम्ही दोघांनी अर्जाशी पडताळून पाहिल्या. केंद्राचे नाव त्यावर होते, तेही अर्जाच्या समासात लिहून ठेवले. ७ तारखेला विक्रीचा तक्ता माझ्या टेबलावर आला. त्यात दोन बिले दोनदा नोंदली गेली होती, ती तिनेच लाल शाईने दाखविली होती. ९ तारखेला उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढीत ती पुण्याला गेली. ११ तारखेला विवरणपत्र वेळेवर गेले. आमचे हिशेबखाते त्या आठवड्यात कोसळले नाही. जूनमध्येही कोसळले नसते.

एक गोष्ट राहिली. आमच्या आस्थापना विभागाचा शिरस्ता असा, की परीक्षेसाठी घेतलेल्या रजेचा पुरावा म्हणून नंतर गुणपत्रिकेची प्रत दप्तरी लावावयाची. तिने मला अडखळत विचारले, “सर, मी परीक्षेला बसले एवढंच दाखवायचं आहे ना? मग गुण कशाला?” मी आस्थापना विभागाच्या गृहस्थांना हाच प्रश्न विचारला आणि त्यांनाही उत्तर देता आले नाही. रजा हजेरीसाठी दिली होती, उत्तीर्ण होण्यासाठी नव्हे. गुणपत्रिका दप्तरी लागली म्हणजे ती पुढच्या प्रत्येक साहेबाच्या हाती पडणार, आणि कोणाच्या तरी पगारवाढीच्या वेळी कोणाचे तरी अडतीस गुण नको तेथे बोलू लागणार. शेवटी असे ठरले, की तिने गुणपत्रिका मला दाखवावी, चारही विषयांत गैरहजेरी नाही एवढे पाहून मी अर्जावर ‘उपस्थिती पाहिली’ अशी नोंद करावी, आणि कागद तिचा तिला परत द्यावा. पुढे तो शिरस्ताच झाला. पूर्वी निकालाच्या भीतीने परीक्षेसाठी आजारपणाची रजा घेणारे आमच्याकडे दोघे-तिघे होते. त्यांचे आजार त्यानंतर बरेच कमी झाले.

फेब्रुवारीत निकाल लागला. ती कागद घेऊन आली, मी चार ओळींवरून नजर फिरविली, नोंद केली आणि कागद परत दिला. त्यावर काय होते हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. परंतु मी पाहिली ती उपस्थिती, आणि तेवढीच सांगण्याचा मला अधिकार आहे.

ते जूनमधले चिठोरे मात्र अजून माझ्या खणात आहे. त्यावर माझ्या अक्षरात ‘मंजूर, फक्त पेपरचे दिवस’ असे लिहिलेले आहे.